ऑफिसची इमारत 'नेट झिरो' करायची, तर सोलर सगळ्यात शेवटी का?

दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं मुख्यालय. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. वर्षभरात जेवढी वीज वापरायची तेवढी जागेवरच तयार करायची, हे उद्दिष्ट ठेवून बांधलेली ही देशातली सुरुवातीची मोठी सरकारी इमारत. तिच्या छतावर ९३० किलोवॉटचे सोलर पॅनल आहेत, आणि बातम्यांमध्ये बहुतेक वेळा याच पॅनलचे फोटो दिसतात.

पण या इमारतीचा खरा महत्त्वाचा आकडा वेगळा आहे: ४४. या इमारतीला दर चौरस मीटरमागे वर्षाला साधारण ४४ युनिट वीज लागेल, असं तिचं डिझाइन केलं गेलं. वापर याच्या दुप्पट असता, तर पॅनलही दुप्पट लागले असते आणि तेवढं छतच तिथे नव्हतं.

या आकड्याला म्हणतात एनर्जी परफॉर्मन्स इंडेक्स, थोडक्यात ईपीआय. एखाद्या इमारतीला 'नेट झिरो'पर्यंत न्यायचं असेल तर सुरुवात इथूनच होते. हे प्रत्यक्षात कसं करतात ते पाहण्यासाठी कोल्हापुरातल्या ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीत सहज दिसेल अशा एका ऑफिस इमारतीचं उदाहरण घेऊ. इमारत काल्पनिक आहे, पण तिचे आकडे अशा इमारतींत आढळतात तसेच ठेवले आहेत.

ईपीआय म्हणजे नेमकं काय?

गाडीचं जसं 'अ‍ॅव्हरेज' असतं, तसा इमारतीचा ईपीआय. वर्षभरात वापरलेली एकूण वीज भागिले इमारतीचं बांधीव क्षेत्रफळ. वीज किलोवॉट-अवरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत युनिटमध्ये, आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजायचं.

आपली इमारत चार मजली आहे. बांधकाम एकूण २,८०० चौरस मीटर, त्यातलं ४०० चौरस मीटर तळमजल्यावरचं पार्किंग. उरलं २,४०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे २५,८०० चौरस फूट. केबिन, मीटिंग रूम आणि सर्व्हर रूममध्ये स्प्लिट एसी आहेत, बाकी हॉलमध्ये पंखे. साधारण ४५ टक्के भाग वातानुकूलित आहे.

एप्रिल ते मार्च या १२ महिन्यांत महावितरणकडून १,६५,००० युनिट घेतले. वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरमध्ये वर्षाला साधारण १,००० लिटर डिझेल जातं. एका लिटरमागे सुमारे ३ युनिट धरले तर ते होतात ३,००० युनिट. एकूण वापर १,६८,०००.

१,६८,००० भागिले २,४०० म्हणजे ७०. हा आपल्या इमारतीचा ईपीआय.

हा आकडा चांगला की वाईट?

एकटा आकडा काही सांगत नाही. तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. यासाठी केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीने, म्हणजे बीईईने, २००९ साली ऑफिस इमारतींसाठी स्टार रेटिंग सुरू केलं. फ्रिज-एसीवर जसे तारे असतात, तसेच इमारतीला. पुढे योजनेत बदल झाले, पण तुलना कशी होते हे समजून घ्यायला तिचा मूळ तक्ता सर्वात सोपा आहे.

या तक्त्यात दोन गोष्टी आधी बघतात. इमारत कोणत्या हवामान विभागात आहे, आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित आहे की कमी. पुणे उष्ण आणि दमट विभागात मोडतं, इथे कोल्हापूरसाठीही तोच रकाना धरला आहे.

निम्म्याहून कमी भागात एसी असेल, तर या रकान्यात ८५ ते ७५ ईपीआयला एक तारा मिळतो. ७५ ते ६५ दोन तारे, ६५ ते ५५ तीन, ५५ ते ४५ चार आणि ४५ च्या खाली पाच तारे. म्हणजे ७० ईपीआय असलेली आपली इमारत 'दोन तारे' गटात बसते.

आकडा चुकतो कुठे?

हिशेब तिसरीच्या गणितासारखा वाटतो, पण त्यात तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला घोळ क्षेत्रफळाचा. आर्किटेक्टच्या नकाशावरचे २,८०० चौरस मीटर तसेच धरले तर ईपीआय येतो ६०. इमारतीत एक बल्बही न बदलता दोनाचे तीन तारे झाले! पार्किंगमध्ये वीज जवळपास लागत नाही, म्हणून ते क्षेत्र वगळायचं असतं.

दुसरा घोळ बिलावरच्या युनिटचा. मोठ्या ग्राहकांना महावितरण केव्हीएएचवर बिल आकारतं. केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिल्यात पॉवर फॅक्टरमुळे वाढलेला भागही येतो. आपल्या इमारतीचा पॉवर फॅक्टर ०.९ असेल, तर १,६५,००० केडब्ल्यूएचचे केव्हीएएच होतात सुमारे १,८३,०००. तोच आकडा उचलला तर ईपीआय ७८ च्या आसपास जातो आणि इमारत एका ताऱ्यावर घसरते. ईपीआयसाठी बिलातला केडब्ल्यूएचचाच रकाना बघायचा.

तिसरा घोळ जास्त फसवा आहे, आणि तो तक्त्याच्याच मर्यादेतून येतो. निम्म्याहून जास्त भागात एसी असलेल्या इमारतींसाठी वेगळा तक्ता आहे. उष्ण-दमट विभागात तिथे १०० च्या खाली ईपीआय असला की पाच तारे. समजा, आपल्या इमारतीने आणखी एका हॉलला एसी बसवले. वातानुकूलित भाग ४५ वरून ५२ टक्क्यांवर गेला आणि ईपीआय ७० चा ७६ झाला. वीज जास्त जळाली, तरी दोन ताऱ्यांची इमारत एकदम पाच ताऱ्यांची ठरली.

म्हणून तारे दाखवायला ठीक आहेत, पण इमारत सुधारतेय की नाही हे बघायला स्वतःचाच मागच्या वर्षीचा ईपीआय हा खरा मापदंड. दर महिन्याला मागच्या १२ महिन्यांची बेरीज करून ईपीआय काढला, तर उन्हाळा-पावसाळ्याचा चढउतार आपोआप मिटतो आणि खरी दिशा कळते.

वीज जाते कुठे?

उपकरणांची यादी, त्यांचे वॉट आणि चालण्याचे तास मांडले की ढोबळ वाटणी हातात येते. आपल्या इमारतीत ती अशी आहे: एसी ६७,००० युनिट, दिवे ३७,०००, कॉम्प्युटर आणि प्रिंटर ३४,०००, पंखे १२,०००, सर्व्हर आणि यूपीएस १०,०००, लिफ्ट आणि पंप ८,०००.

पण या यादीत एक गोष्ट दिसत नाही. ऑफिस बंद असताना किती वीज जाते? ते शोधायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. शनिवारी रात्री ८ वाजता मीटरचं रीडिंग घ्यायचं, सोमवारी सकाळी ८ वाजता पुन्हा घ्यायचं. मधे ३६ तास गेलेले असतात.

आपल्या इमारतीत या ३६ तासांत मीटर १८० युनिट फिरला. म्हणजे कुलूप लावलेल्या इमारतीत सतत ५ किलोवॉटचा भार चालू होता. सर्व्हर, त्याचा एसी, सीसीटीव्ही आणि जिन्यातले दिवे यांना २ किलोवॉट पुरतात. उरलेले ३ किलोवॉट कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. चालू राहिलेले कॉम्प्युटर, रात्रभर गार होत राहणारे वॉटर कूलर, कॉरिडॉरचे दिवे, रिकाम्या भारावर चालणारा मोठा यूपीएस, अशांचा तो हिशेब.

३ किलोवॉट हा आकडा किरकोळ वाटतो. पण दिवसाला १० तास आणि वर्षाला २८० दिवस चालणारं ऑफिस वर्षातले ५,९६० तास बंदच असतं. त्या तासांत हे ३ किलोवॉट जवळपास १८,००० युनिट खातात. एकूण वापराच्या दहा टक्क्यांहून जास्त.

टप्पा १: खर्च न करता

पहिल्या टप्प्यात काही विकत घ्यायचं नाही. रात्रीच्या १८,००० युनिटपैकी सगळे वाचणार नाहीत, कारण एखादा कूलर पुन्हा चालू राहतोच. पण टायमर लावून, संध्याकाळी मजल्यानुसार मुख्य स्विच बंद करण्याची जबाबदारी ठरवून १२,००० युनिट वाचवता येतात.

दुसरं काम एसीचं तापमान. एक अंश वाढवला की एसीची वीज साधारण ६ टक्के वाचते, असं बीईई सांगते. २०२० पासून स्टार लेबल असलेले रूम एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर सेट होऊन येतात, तेही याच कारणासाठी. आपल्या ऑफिसात २२ वर चालणारे एसी २४ वर आणले, तर ६७,००० चे सुमारे ८,००० युनिट कमी होतात. पंखा सोबत चालवला तर फरक जाणवतही नाही.

एकूण बचत २०,०००. वापर १,४८,००० वर आला आणि ईपीआय जवळपास ६२ झाला. आता इमारत तीन ताऱ्यांच्या गटात आहे.

टप्पा २: उपकरणं बदलणं

आता पैसे लागतील, पण सगळं एकदम बदलायची गरज नाही. जिथे तास जास्त आणि वॉटमधला फरक मोठा, तिथून सुरुवात करायची.

इमारतीत जुन्या पद्धतीच्या २७० ट्यूबलाइट आहेत, चोकसकट प्रत्येकी ४८ वॉटच्या. त्यांच्या जागी २० वॉटच्या एलईडी बसवल्या की वर्षाला सुमारे २०,००० युनिट वाचतात. पंखे ८० आहेत, प्रत्येकी ७५ वॉटचे. बीएलडीसी मोटरचे पंखे साधारण ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतात. तिथे ७,००० युनिट वाचतात.

एसीच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी खोलीत येणारी उष्णता कमी करायची, मग एसी बदलायचा. वरच्या मजल्याचं छत दुपारभर तापतं आणि संध्याकाळपर्यंत ती धग खाली सोडत राहतं. त्यावर पांढरा उष्णतारोधक लेप किंवा इन्सुलेशन, आणि पश्चिमेच्या काचांना बाहेरून सावली केली की एसीचं काम हलकं होतं. पडदा आतून लावून तेवढा उपयोग होत नाही, कारण ऊन तोपर्यंत काचेतून आत आलेलं असतं. उलट क्रमाने गेलं, तर आधी २ टनांचा एसी घेतला जातो आणि छत गार झाल्यावर लक्षात येतं की दीड टन पुरला असता.

ही कामं करून जुने एसी बिघडतील तसे पाच तारे असलेले इन्व्हर्टर एसी घेतले, तर एसीच्या उरलेल्या ५९,००० युनिटपैकी सुमारे २०,००० वाचतात.

टप्पा २ ची एकूण बचत ४७,०००. वापर १,०१,००० युनिट आणि ईपीआय ४२. इमारत पाच ताऱ्यांच्या गटात पोहोचली, आणि अजून एकही सोलर पॅनल लागलेलं नाही.

टप्पा ३: आता सोलर

कोल्हापुरात एक किलोवॉट सोलरपासून वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतील असं धरू. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १० चौरस मीटर गच्ची लागते.

टप्पा १ आणि २ न करता थेट सोलर लावायचं ठरवलं असतं, तर १,६८,००० युनिटसाठी १२० किलोवॉट, म्हणजे १,२०० चौरस मीटर जागा लागली असती. आपली गच्ची आहे ७०० चौरस मीटर. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, त्यांची सावली आणि साफसफाईसाठी लागणाऱ्या वाटा सोडल्या तर हातात येतात ४०० चौरस मीटर. आधी सोलर लावणाऱ्या अनेक इमारतींची गाडी इथेच अडते. गच्ची भरते, पण शून्य दूरच राहतं.

वापर १,०१,००० वर आणल्यावर मात्र गणित जुळायला लागतं. ४०० चौरस मीटरवर ४० किलोवॉट बसतात आणि ५६,००० युनिट मिळतात. टाक्यांच्या वर उंच लोखंडी सांगाडा आणि आवारातल्या पार्किंगवर शेड उभारून आणखी १५ किलोवॉट बसवले, की २१,००० युनिट वाढतात. एकूण ७७,०००.

मग महावितरणकडून निव्वळ घ्यायचे राहिले २४,००० युनिट. भागिले २,४०० चौरस मीटर, ईपीआय बरोबर १०.

हा १० चा आकडा महत्त्वाचा आहे. बीईई नेट झिरो इमारतींना 'शून्य' नावाचं लेबल देते, त्यासाठी निव्वळ ईपीआय ० ते १० च्या मध्ये असावा लागतो. वापरापेक्षा जास्त वीज तयार झाली, म्हणजे ईपीआय उणे झाला, तर 'शून्य प्लस'. आपली इमारत 'शून्य'च्या उंबरठ्यावर आहे. पण उंबरठ्यावरच, एखादा कडक उन्हाळा आला तरी ती बाहेर जाऊ शकते. म्हणून थोडी जास्तीची बचत हाताशी ठेवलेली बरी.

पावसाळ्यात काय होतं?

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ढग दाटून असतात आणि सोलरची वीज बरीच घटते. पण हवा गार झाल्याने एसीही कमी चालतात. मार्च ते मेमध्ये दोन्ही वाढतात. तरीही महिन्याचा हिशेब महिन्यात जुळत नाही. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तयार झालेली वीज ग्रिडला जाते, पावसाळ्यात ग्रिडकडून घ्यावी लागते. नेट मीटरिंगमध्ये हा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी पूर्ण होतो. म्हणूनच 'नेट झिरो' ही वर्षाची बेरीज आहे. इमारतीने ग्रिड सोडली असा त्याचा अर्थ होत नाही, आणि बिल शून्य आलं असाही नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि कोणत्या तासांतली वीज कोणत्या तासांशी वळती होते हे त्या वेळच्या दर आदेशावर ठरतं.

इथे एक व्यावहारिक चूक टाळावी लागते. टप्पा २ नंतर इमारतीचा भार कमी होतो, तेव्हा स्थिर आकार वाचवायला मंजूर भार ८० वरून ४५ किलोवॉटवर आणण्याचा मोह होतो. पण नेट मीटरिंगमध्ये सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. भार आधी कमी केला तर ५५ किलोवॉटला परवानगी मिळणार नाही.

दुसरी गोष्ट कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर शहराच्या सखल भागात ज्यांनी पाहिला, ते इन्व्हर्टर आणि पॅनल बोर्ड तळमजल्यावर ठेवणार नाहीत.

सोलरनंतर ईपीआय कसा मोजायचा?

सोलर लागलं की बिल एकदम उतरतं आणि सगळे निर्धास्त होतात. नेमकं तेव्हाच वापर हळूहळू वाढायला लागतो. एसी पुन्हा २२ वर जातो, कारण 'आता वीज आपलीच आहे'. बिलावर हे दिसत नाही, कारण दुपारी पॅनलवरून थेट वापरलेली वीज महावितरणच्या मीटरमधून जातच नाही.

म्हणून दोन ईपीआय वेगळे ठेवायचे. खरा वापर काढण्यासाठी ग्रिडकडून घेतलेले युनिट, अधिक सोलरने तयार केलेले, वजा ग्रिडला दिलेले. आपल्या इमारतीत वर्षात ५०,००० युनिट घेतले, ७७,००० तयार केले आणि २६,००० परत दिले. वापर झाला १,०१,०००, म्हणजे ईपीआय ४२. निव्वळ ईपीआयसाठी घेतलेल्यातून दिलेले वजा करायचे: २४,०००, म्हणजे १०.

पुढच्या वर्षी निव्वळ आकडा १० वरून १४ झाला, तर हे दोन आकडे कारण सांगतात. वापराचा ईपीआय ४२ च असेल तर दोष छतावर आहे: धूळ, गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात पडणारी काजळी, शेजारी उभ्या राहिलेल्या इमारतीची सावली किंवा बंद पडलेला इन्व्हर्टर. वापराचा ईपीआय ४६ झाला असेल, तर छतावर चढायची गरज नाही. शनिवारी रात्री ८ वाजता मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा बघायचं.